नाव बदललं आणि हात थांबला

थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या शॉटमध्ये पात्र चालतंय, मान वळवतंय, डोळे मिचकावतंय, पण डावा हात काही केल्या जागचा हलत नाही. कॉम्प्युटर चुकीची कसलीही सूचना देत नाही आणि रेंडर निमूट पूर्ण होतो. आमच्या छोट्या स्टुडिओत फाइलींची नावं आणि व्हर्जन यांचे नियम ठरावेत म्हणून मी सहकाऱ्यांपुढे एक टिपण ठेवलं आहे. त्यात सर्वांत जास्त जागा या हातालाच दिली आहे.

पात्राच्या आतला हाडांचा सांगाडा आणि तो हलवायचे कंट्रोल मिळून रिग होतो. चालणं, वाकणं, उडी मारणं या हालचाली क्लिप म्हणून वेगळ्या साठवल्या जातात. आम्ही वापरतो त्या ब्लेंडरमध्ये क्लिपच्या पोटात हात-पाय नसतातच. कुठल्या नावाच्या हाडाने कितव्या फ्रेमला कुठे असायचं, एवढीच नोंद तिच्यात असते. चिमी या पात्राच्या डाव्या हाताची नोंद अशी:

```
pose.bones["hand_ik.L"].location
```

आता रिग करणाऱ्याने नीटनेटकेपणासाठी `hand_ik.L` चं `hand_IK.L` केलं असं समजा. उघड्या असलेल्या फाइलमधल्या नोंदी ब्लेंडर स्वतःच दुरुस्त करतो, त्यामुळे त्याच्या पडद्यावर सगळं सुरळीत दिसतं. शॉटच्या बंद फाइलींना मात्र हा बदल कळतच नाही. त्या उघडल्या की जुन्या नावाचं हाड शोधतात, ते सापडत नाही, आणि नोंद तशीच पडून राहते. ग्राफ एडिटरमध्ये त्या ओळीखाली लाल रेघ उमटते, पण तिथे मुद्दाम जाऊन पाहिलं तरच ती दिसते.

म्हणून पहिला नियम असा, की रिग एकदा अ‍ॅनिमेटरच्या हाती गेला की त्याच फाइलमध्ये कंट्रोलची नावं बदलायची नाहीत. फाइलींच्या नावांनाही शिस्त हवी: सगळी अक्षरं लहान लिपीतली आणि स्पेसऐवजी अंडरस्कोर. विंडोजला `Chimi` आणि `chimi` एकच वाटतात, लिनक्सला वेगळे. त्यामुळे आपल्या टेबलावर व्यवस्थित उघडणारा रिग लिनक्सवर चालणाऱ्या रेंडर मशीनला सापडतच नाही.

दुसरा बिघाड याहून फसवा आहे, कारण त्यात नाव तेच राहतं. क्लिपमधले कोन हाडाच्या मूळ स्थितीपासून मोजलेले असतात. कोपराखालच्या हाडाने एका अक्षाभोवती 60 अंश वळावं, अशी नोंद आहे. रिगमध्ये त्याच हाडाचा रोल, म्हणजे स्वतःच्या लांबीभोवतीचा पीळ, कुणी 90 अंशांनी बदलला, तर 60 अंश तेच राहतात, पण कोपर पुढे न वाकता आडवा वाकतो. नाव जुळत असल्यामुळे लाल रेघही येत नाही. हे पकडायला डोळेच लागतात. नवा रिग देण्यापूर्वी त्याच्यावर चालण्याची 24 फ्रेमची ठरलेली क्लिप चालवून जुन्या रिगशेजारी ठेवून बघायची, हे मी सक्तीचं सुचवलं आहे.

व्हर्जनचा नियम यातूनच निघतो. रिगमधले बदल मुळात दोन जातींचे असतात. खांद्याची कातडी नीट बसवणं किंवा एखादा नवा कंट्रोल जोडणं यांनी जुन्या क्लिप बिघडत नाहीत. नाव, रोल, मूळ स्थिती बदलली की बिघडतात. दोन्हींना एकच आकडा लावला, तर अ‍ॅनिमेटरला त्या आकड्यावरून काहीच उमगत नाही. म्हणून शॉट पहिल्या ओळीतल्या फाइलशी लिंक करायचे:

```
chimi_rig_r02.blend
chimi_walk_r02_v004
```

पहिल्या जातीची दुरुस्ती याच `r02` फाइलवर करायची, जुनी प्रत आधी बाजूच्या फोल्डरमध्ये ठेवून. शॉट पुढच्या वेळी उघडला की दुरुस्ती आपोआप मिळते. दुसऱ्या जातीचा बदल करायचा असेल तर `r03` ही नवी फाइल काढायची. तिच्याशी जुन्या शॉटचा संबंध नाही. दुसरी ओळ क्लिपची आहे. ती कुठल्या रिगवर बसते हे तिच्या नावातच आहे, आणि `v004` हा क्लिपचा स्वतःचा आकडा. शून्यं गाळली तर यादीत `v10` हा `v2` च्या आधी येऊ शकतो.

एक गोष्ट नावांनी साधत नाही. ब्लेंडरची फाइल बायनरी असते, दोघांनी एकाच वेळी केलेले बदल नंतर एकत्र करता येत नाहीत. रिगची फाइल एका वेळी एकाच्याच हाती हवी, आणि ती कुणाकडे आहे हे भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेलं असावं.

`r03` आला म्हणून सगळे शॉट त्याच्यावर हलवायची घाई मला पटत नाही. त्यातल्या बदलाची खरोखर गरज असलेले शॉटच हलवावेत, आणि हलवल्यावर प्रत्येक शॉट पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत पाहावा. मंजूर झालेले शॉट `r02` वरच राहू द्यावेत, आणि फिल्म पूर्ण होईपर्यंत ती फाइल सर्व्हरवरून कुणी काढू नये.