विकत घेतलेलं एक्सेल आणि न आलेलं अपडेट

सोसायटीच्या खजिनदारांकडे सीएच्या ऑफिसातून थकबाकीची एक्सेल फाइल येते. उघडल्यावर सगळे आकडे जागच्या जागी दिसतात. मग खजिनदार एका ओळीतला फ्लॅटचा नंबर बदलतात आणि शेजारी रकमेच्या जागी #NAME? उमटतं. त्या खान्यावर क्लिक केलं, की वरच्या पट्टीत सूत्राची सुरुवात `_xlfn.XLOOKUP` अशी दिसते. फाइल बिघडलेली नसते आणि खजिनदारांचंही काही चुकलेलं नसतं. त्यांच्याकडे ऑफिस 2019 आहे, रीतसर एकरकमी पैसे मोजून घेतलेलं. सीएकडे मायक्रोसॉफ्ट 365 आहे, म्हणजे दर वर्षी पैसे भरून चालवायचं.

XLOOKUP हे फंक्शन मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये जाहीर केलं. ऑफिस 2019 त्याआधीच, 2018 साली बाजारात आलं होतं. 365वाल्यांना नवं फंक्शन अपडेटमधून आपोआप मिळालं. एकरकमी घेणाऱ्यांना ते ऑफिस 2021 मध्ये दिसलं आणि 2019 मध्ये ते कधीच आलं नाही. फाइल उघडताना जे आकडे दिसले, ते सीएच्या संगणकाने आधीच करून ठेवलेले हिशेब होते. जुन्या एक्सेलवर हिशेब नव्याने करायची वेळ आली, तेव्हा ते अडलं. अशा वेळी सीएला सूत्र जुन्या पद्धतीने लिहायला सांगावं. `=XLOOKUP(A2,D:D,E:E)` ऐवजी हे चालतं:

```
=INDEX(E:E,MATCH(A2,D:D,0))
```

दुकानदार ‘लाइफटाइम’ म्हणून जे विकतो, ते एका ठरावीक आवृत्तीचं लायसन्स असतं. ती आवृत्ती तुम्ही हवी तितकी वर्षं वापरा, कुणी अडवणार नाही. पण तिच्यात नव्या सोयी येत नाहीत. येतात त्या फक्त दुरुस्त्या आणि सुरक्षेची ठिगळं, तीही एका तारखेपर्यंत. ऑफिस 2019 साठी ती तारीख होती 14 ऑक्टोबर 2025, ऑफिस 2021 साठी 13 ऑक्टोबर 2026, आणि ऑफिस 2024 साठी 9 ऑक्टोबर 2029. त्या दिवशी प्रोग्रॅम बंद पडत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. सगळं नेहमीसारखं चालत राहतं, फक्त पुढे एखादं भोक सापडलं तर ते बुजवलं जात नाही. अनोळखी ईमेलमधून आलेली वर्डची फाइल उघडणाऱ्याला हा धोका सगळ्यात जास्त. पुढच्या आवृत्तीवर जायचं, तर जुन्या ग्राहकाला सवलत नाही. पुन्हा पूर्ण किंमत मोजायची.

सबस्क्रिप्शनमध्ये ही तारखेची भानगड नाही. पैसे भरताय तोवर सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि नव्या सोयी येत राहतात. त्याच ओघात नको असलेले बदलही येतात, आणि दरही वाढू शकतो. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट 365 पर्सनलची वर्षाची किंमत 69.99 डॉलरवरून 99.99 डॉलरवर गेली. पैसे भरणं थांबवलं, तर काही काळाने वर्ड-एक्सेल फक्त फाइल दाखवण्या-छापण्यापुरतं उरतं. दुरुस्ती करता येत नाही आणि नवी फाइलही बनवता येत नाही. फाइली मात्र तुमच्याच राहतात, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये त्या उघडतात.

या दोन्हींच्या मधला एक प्रकार आपल्याकडच्या व्यापाऱ्यांच्या रोजच्या परिचयाचा आहे: टॅली. टॅलीचं लायसन्स कायमचं घेता येतं, पण अपडेट येतात ते ‘टीएसएस’ नावाच्या वार्षिक नूतनीकरणातून. टीएसएस संपलं तरी हिशेब लिहिणं चालू राहतं. मात्र त्यानंतर निघालेली नवी आवृत्ती त्या लायसन्सवर चालत नाही, आणि टॅलीतूनच थेट ई-इन्व्हॉइस काढायची सोयही मिळत नाही. किराणा दुकानदाराचं एखादं वर्ष त्यावाचून निभेल. पण ज्याला ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे, त्याच्यासाठी टीएसएस हा कायमच्या लायसन्सवरचा दरवर्षीचा खर्चच समजावा. मला ही पद्धत त्यातल्या त्यात सरळ वाटते, कारण लायसन्सचे पैसे कुठले आणि अपडेटचे कुठले, हे बिलावरच वेगळं दिसतं.

आपल्या संगणकावर काय आहे, हे पाहायला अर्धा मिनिट पुरतो. एक्सेल उघडून File मध्ये Account वर जा. उजवीकडे Subscription Product लिहिलेलं असेल, तर वर्षाची मुदत कधी संपते ते पाहा. Home and Student 2021 असं साल असलेलं नाव दिसलं, तर वरच्या तारखा ताडून पाहा. आणि बाजारात कुणी आज ऑफिस 2021 ‘स्वस्तात लाइफटाइम’ म्हणून देत असेल, तर त्यात सुरक्षेचे किती महिने उरलेत, ते आधी मोजून मगच किंमत बोला.