मित्राला ‘नाही’ म्हणताना

अमेरिकेत दोन-चार वर्षं काढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा. इंडियन ग्रोसरीच्या रांगेत किंवा कॉस्टकोत एखादा अनोळखी माणूस गोड हसून ‘तुम्ही आयटीत का? पुण्याचे का?’ असं विचारत जवळ आल्याचा अनुभव त्याच्या गाठीशी असतोच. पाच मिनिटांत फोन नंबर मागितला जातो आणि आठवड्याभरात ‘एक ई-कॉमर्सचा प्रोजेक्ट आहे, माझे मेंटॉर पस्तिशीत रिटायर झालेत’ इथवर गाडी येते. अशा माणसाला टाळणं सोपं असतं. नंबर ब्लॉक केला की संपलं. खरी पंचाईत होते ती हेच वाक्य आपल्या मित्राच्या तोंडून ऐकताना.

निखिल (नाव बदललं आहे) आणि मी सांगलीला इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर चार वर्षं एका खोलीत होतो. आता डॅलसजवळ एकमेकांपासून वीस मिनिटांवर राहतो. आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी आई-बाबांचा व्हिसा अडकला होता, तेव्हा पंधरा दिवस रोज संध्याकाळी डबा आला तो निखिलच्या घरून. असा मित्र एक दिवस फोन करून म्हणाला, ‘‘तुझ्याशी एक बोलायचंय. फोनवर नको, भेटूनच.’’ कॉफी शॉपमध्ये त्याने एक पुस्तक पुढे सरकवलं. ‘‘आधी हे वाच, मग पुढच्या आठवड्यात माझ्या मेंटॉरला भेटू.’’ कंपनीचं नाव तोवर निघालं नव्हतं. ते सहसा तिसऱ्या-चौथ्या भेटीत निघतं. पण पुस्तक, मेंटॉर आणि न सांगितलेलं नाव एकत्र आलं की कशाबद्दल चाललंय ते कळतं.

इथे जरा आतली रचना सांगायला हवी, कारण नाही कसं म्हणायचं हे तिच्यावरच अवलंबून आहे. नवीन माणूस नेटवर्कमध्ये आला की त्याला आधी ओळखीच्या लोकांची यादी करायला लावतात, बहुतेक वेळा शंभर नावांची. साहजिकच पहिली नावं भावाची, रूममेटची आणि ऑफिसातल्या जवळच्या सहकाऱ्याची असतात. मग प्रत्येक नकाराला उत्तर शिकवतात. ‘वेळ नाही’ म्हटलं की ‘म्हणूनच तर हे करायचं, पुढे वेळच वेळ मिळेल.’ ‘पैसे नाहीत’ म्हटलं की ‘म्हणूनच तर दुसरं इन्कम हवं.’ ‘मला विकता येत नाही’ म्हटलं की ‘विकायचं काहीच नाही, आपण घरचं सामान घेतो ते फक्त दुकान बदलायचं.’ ‘बायकोला विचारून सांगतो’ म्हटलं की ‘छान, दोघांनाच भेटू.’ आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक एक्सेप्शनला हँडलर आधीच लिहून ठेवलेला असतो. त्यामुळे आपण सभ्यपणे जे जे कारण देतो, ते समोरच्याला नकार म्हणून ऐकूच येत नाही. सोडवायचा एक प्रश्न म्हणून ऐकू येतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. त्याला असंही शिकवलेलं असतं की तुझे जवळचेच लोक तुला हसतील, ‘फसवणूक आहे’ म्हणतील, कारण ते नोकरीच्या चाकोरीत अडकलेत आणि तुझी प्रगती त्यांना बघवणार नाही. अशा माणसाला आपण आकडे दाखवून भाषण दिलं, तर अपलाइनचं, म्हणजे ज्याने त्याला यात आणलं त्या माणसाचं, भाकीत खरं ठरतं. मित्र आपल्यापासून दोन पावलं लांब जातो आणि अपलाइनच्या दोन पावलं जवळ. आपलं म्हणणं बरोबर असूनही.

आकडे माझ्याकडे होते. इथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०२४ मध्ये ७० नेटवर्क-विक्री कंपन्यांनी स्वतःच जाहीर केलेली कमाईची पत्रकं तपासून अहवाल काढला आहे. बहुतेक पत्रकांत वर्षाला १,००० डॉलर किंवा त्याहून कमी मिळवणाऱ्यांचीच मोठी बहुसंख्या आहे, म्हणजे महिन्याला ८४ डॉलरसुद्धा नाहीत. आणि बऱ्याच पत्रकांत झालेला खर्च वजाच केलेला नाही. हे सगळं त्या टेबलावर मांडायचा मोह झाला, पण मांडलं नाही.

मी म्हटलं, ‘‘निखिल, तू मला आधी विचारलंस, बरं वाटलं. पण मी यात येणार नाही. आत्ताही नाही आणि नंतरही नाही.’’

‘‘अरे, ऐकून तर घे. एकदा मीटिंगला ये, मग ठरव.’’

‘‘मीटिंगलाही येणार नाही. तू मेंटॉरला सांगशील, माझ्यासाठी जागा धरशील आणि मी नाहीच म्हणणार आहे. तुझी संध्याकाळ कशाला घालवू?’’

‘‘पण कारण काय? तुला स्कॅम वाटतो का?’’

हा प्रश्न हमखास येतो आणि इथेच बहुतेक जण घसरतात. कुणी ‘हो’ म्हणून भांडण ओढवून घेतो, तर कुणी संकोचाने ‘नाही रे, छान आहे, पण माझं जरा...’ म्हणतो. ते ‘छान आहे’ पुढच्या माणसाला आपल्या नावानिशी ऐकवलं जातं, शिवाय तीन महिन्यांनी ‘तू तर छान म्हणाला होतास’ असा फोन येतो. मी एवढंच म्हणालो, ‘‘मला हा बिझनेस करायचा नाही. तुझ्या निर्णयावर आज मी काही बोलत नाही. कधी माझं मत हवं असेल तर विचार, खरं ते सांगेन. बरं, शनिवारी मॅच आहे, तुम्ही दोघं या. पिठलं-भाकरी करतोय.’’

शेवटचं वाक्य मुद्दाम होतं. नकारानंतर दोन-तीन आठवडे कुणीच कुणाला फोन केला नाही तर दोघंही आपापल्या मनात कारणं रचत बसतात. पुढची भेट तिथल्या तिथे ठरली, तीही नेहमीच्याच कामासाठी, की तो प्रश्न उरत नाही. निखिल आला. थोडा गप्प होता, पण आला.

यानंतरही मागण्या येतातच, फक्त आकाराने लहान. ‘निदान चार नावं दे’ याला माझं उत्तर ‘नावं देणार नाही’ असं आहे. त्यापुढे स्पष्टीकरण नाही. ‘निदान साबण तरी घे’ याबाबत आम्ही घरात ठरवलं होतं की एकदा एक वस्तू घ्यायची आणि ‘ही एकदाच’ असं देतानाच सांगायचं. काही जण एकही वस्तू घेत नाहीत, तेही ठीक. महिन्याची ठरलेली ऑर्डर मात्र घेऊ नये. ती थांबवायची वेळ आली की पहिल्याहून अवघड नकार द्यावा लागतो.

पुण्याहून आत्याचा फोन आला तेव्हा मला जरा राग आला होता. ‘‘तुझ्या त्या निखिलने आपल्या सुमितला फोन केला होता. तू पण आहेस का रे त्यात?’’ मी आत्याला सांगितलं, ‘‘तो माझा जवळचा मित्र आहे, पण त्या धंद्याशी माझा काही संबंध नाही. सुमितने काय करायचं ते त्याचं तो ठरवू दे.’’ निखिलला त्याच दिवशी फोन केला. ‘‘माझ्या नातेवाइकांना माझं नाव सांगून फोन करू नकोस.’’ तो ओशाळला. मी विषय बदलून त्याच्या ग्रीन कार्डाच्या फाइलबद्दल विचारलं.

व्हिसाचा मुद्दा मात्र वेगळा आहे. निखिल एच-वन-बीवर आहे. या व्हिसावर ज्या कंपनीने अर्ज केला, तिच्यासाठीच काम करता येतं. शेअर्समध्ये पैसे गुंतवणं चालतं, पण लोकांना भेटून माल विकणं आणि माणसं जोडणं हे काम झालं. ‘पॅसिव्ह इन्कम आहे’ असं म्हटल्याने ते बदलत नाही. मग ‘बायकोच्या नावाने करू’ असा सल्ला मिळतो. ती एच-फोरवर असेल आणि तिच्याकडे वर्क परमिट नसेल, तर तेही चालत नाही. नकाराचं कारण म्हणून हा मुद्दा मी वापरला नाही, कारण ‘वहिनींच्या नावाने कर’ हे उत्तर तयार होतं. पण त्याची स्वतःची ग्रीन कार्डाची रांग धोक्यात येतेय हे माहीत असून गप्प बसणं मला जमलं नसतं. म्हणून वेगळ्या दिवशी, एकदाच म्हटलं, ‘‘यात स्टेटसचा प्रश्न येऊ शकतो. तुमच्या मेंटॉरला नको, इमिग्रेशनच्या वकिलाला विचार. माझ्या वकिलाचा नंबर पाठवतो.’’ नंबर पाठवला. पुढे विचारलं नाही.

आठ-नऊ महिन्यांनी तो स्वतःच लॅपटॉप घेऊन आला. ‘‘टॅक्ससाठी हिशेब लावायचाय, जरा एक्सेल बघशील?’’ तो आकडे सांगत गेला, मी भरत गेलो. वर्षाच्या हिशेबाने महिन्याला ३०० डॉलरचा माल, म्हणजे ३,६०० डॉलर. त्यातलं साबण-डिटर्जंट एरवीही घेतलंच असतं, त्याचे दुकानातल्या भावाने १,२०० वजा केले. राहिले २,४००. तीन कॉन्फरन्स, विमान-हॉटेल-तिकीट धरून १,८००. ऑडिओ आणि ॲपची वर्गणी महिना ५० प्रमाणे ६००. एकूण खर्च ४,८००. जमेच्या बाजूला बोनस १०८ आणि लोकांना विकलेल्या मालावरचा नफा साधारण ४००. मीटिंगांना गेलेल्या मंगळवारच्या संध्याकाळी आणि पेट्रोल कुठल्याच ओळीत नव्हतं. शेवटच्या चौकटीत उणे ४,२९२ आलं.

तो बराच वेळ त्या चौकटीकडे बघत होता. मग म्हणाला, ‘‘पहिलं वर्ष इन्व्हेस्टमेंटचं असतं.’’

‘‘बरं,’’ मी म्हटलं. ‘‘फाइल तुझ्याकडेच राहू दे. पुढच्या वर्षाची ओळ खाली टाक.’’

त्याचा बिझनेस अजून चालू आहे. स्प्रिंगच्या कॉन्फरन्सला मात्र तो गेला नाही, मुलाच्या स्विमिंगचं कारण सांगितलं म्हणे. वकिलाला त्याने फोन केला की नाही मला माहीत नाही. गेल्या आठवड्यात वहिनींचा मेसेज आला होता, त्यांना वर्क परमिटच्या अर्जाचा फॉर्म हवा होता. आय-७६५ ची लिंक पाठवली, आणि रविवारी दोघं जेवायला येताहेत.