पेटीआधीचे चार मेल

समजा, देवगडचा एक बागायतदार हापूस थेट ग्राहकांना विकतो. मार्चच्या सुरुवातीला त्याच्या संकेतस्थळावर कुणीतरी आपला ई-मेल नोंदवतं. पुढच्या दहा दिवसांत त्या माणसाला आपोआप चार मेल जातात. प्रत्येक मेलवर एकच काम सोपवायचं, हा नियम पाळला तर ही मालिका चालते.

पहिला मेल नोंदणी होताच निघाला पाहिजे. तो दोन दिवसांनी पोचला, तर नाव नोंदवल्याचंही माणूस विसरलेला असतो आणि मेल थेट स्पॅममध्ये टाकतो. आपण कोण, बाग कुठे, मेल किती वेळा येतील, यादीतून नाव कसं काढायचं, हे चार-पाच ओळींत सांगावं आणि शेवटी विचारावं, ‘घरात आंबा खाणारी माणसं किती?’ या मेलचं काम एवढंच, की समोरच्याने उत्तर द्यावं. त्यावरून किती डझन लागतील याचा अंदाज येतो.

दुसरा मेल तिसऱ्या दिवशी. माझ्या मते चारांतला हा सर्वांत मोलाचा, आणि बहुतेक जण नेमका हाच गाळतात. पैसे भरण्याआधी ग्राहकाच्या मनात असलेली भीती त्याने घालवायची असते. फळ कच्चंच येईल, ते पेंढ्यात ठेवा, पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका, हे त्यात लिहावं. साक्याबद्दलही स्पष्ट बोलावं: साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. तसं फळ निघालं तर फोटो पाठवा, आम्ही भरपाई देऊ. आधीच कबूल केलेला दोष नंतरच्या भांडणाचं कारण होत नाही.

सहाव्या दिवशीच्या मेलमध्ये फळांचे आकार आणि दर द्यावेत, आणि ग्राहकाकडून आकाराची निवड करून घ्यावी. दहाव्या दिवशी पेटी रवाना होण्याची तारीख आणि ऑर्डरचं बटण.

इथे एक हमखास चूक होते. सातव्या दिवशी ज्याने पेटी मागवली, त्यालाही दहाव्या दिवशी ‘अजून मागवली नाहीत?’ असा मेल जातो. म्हणून ऑर्डर येताच ते नाव मालिकेतून बाहेर पडेल अशी अट घालावी. नोव्हेंबरमध्ये नोंदणी करणाऱ्याला शेवटचे दोन मेल रोखून ठेवून हंगाम सुरू झाल्यावरच पाठवावेत.

मेल किती जणांनी उघडले, या आकड्यावर विसंबू नये. 2021 पासून ॲपलच्या मेल ॲपमधल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे न वाचलेला मेलही उघडल्यासारखा दिसू शकतो. पहिल्या मेलला आलेली उत्तरं, तिसऱ्यात निवडलेले आकार आणि चौथ्यानंतरच्या ऑर्डरी मोजाव्यात. आकार निवडले जातात पण ऑर्डर येत नाही, असं दिसलं तर मेलची भाषा बदलण्याआधी डिलिव्हरीचा खर्च आणि पैसे भरण्याचं पान तपासावं.