एकच सभा, दोन भाषा: सोसायटीची सूचना गुजरातीत नेताना

घाटकोपर, मुलुंड, कांदिवली, बोरिवली इथल्या अनेक गृहनिर्माण संस्थांच्या फलकावर मराठी सूचनेशेजारी गुजराती प्रत लागते. मराठी प्रत कार्यालयीन साच्यातली असते. गुजराती प्रत बहुतेक वेळा समितीतलेच कोणी हौसेने किंवा घाईने तयार करतात. लिपी वेगळी असली तरी शब्द ओळखीचे, म्हणून काम सोपे वाटते, आणि नेमके या ओळखीच्या शब्दांमुळेच चुका होतात. पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेत असे काही झाले तर फारसे बिघडत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचनेत मात्र तारीख किंवा कायद्याचा एक शब्द हलला, तर सभेच्या वैधतेवरच प्रश्न उभा राहतो.

समजा, घाटकोपरच्या एका संस्थेने शनिवार, ६ सप्टेंबर २०२५ रोजी सूचना काढली आणि सभा रविवार, २१ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी साडेदहाला ठेवली. आदर्श उपविधींनुसार वार्षिक सभेसाठी चौदा पूर्ण दिवसांची सूचना लागते. पूर्ण दिवस मोजताना सूचना काढल्याचा दिवस धरायचा नाही आणि सभेचा दिवसही धरायचा नाही. म्हणजे ७ तारखेपासून २० तारखेपर्यंत बरोबर चौदा दिवस भरतात, एकही जास्तीचा नाही. आता गुजराती प्रत ‘उद्या लावू’ म्हणून मागे ठेवली आणि तिच्यावर ७ सप्टेंबर ही तारीख पडली, तर त्या प्रतीत तेराच दिवस उरतात. एकाच सभेच्या दोन सूचना दोन तारखांच्या झाल्या, तर तक्रार करणाऱ्याच्या हाती आयता कागद लागतो. म्हणून दोन्ही प्रती एकाच दिवशी, एकाच जावक क्रमांकाने निघाल्या पाहिजेत. मराठीत ‘जा. क्र.’ असेल तिथे गुजरातीत ‘जावक नं.’ चालेल, पण पुढचा आकडा तोच हवा.

‘चौदा पूर्ण दिवस’ गुजरातीत नुसते ‘चौद दिवस’ झाले, तर दोन्ही टोके वगळण्याचा अर्थ गळून पडतो. तिथे ‘चोख्खा १४ दिवस’ असे लिहावे.

तारीख लिहिण्याची रीत दोन्ही भाषांत जवळपास सारखी आहे. मराठीतला ‘दि.’ गुजरातीत ‘ता.’ होतो आणि ‘रोजी’चे ‘ना रोज’ होते. सभा गुजरातीत ‘मळे’ छे, म्हणून वाक्य असे बनते: ‘वार्षिक साधारण सभा ता. २१ सप्टेम्बर २०२५, रविवारना रोज सवारे १०:३० वाग्ये मळशे.’ यात महिना अक्षरी आहे आणि वारही आहे, ते मुद्दाम. ०६/०९/२०२५ अशी तारीख आपण सहा सप्टेंबर म्हणून वाचतो, पण संगणकावरची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर तीच तारीख नऊ जून होऊन छापली जाते. महिना अक्षरात असला की हा घोटाळा होत नाही. वार लिहिला की आकड्यातली चूक तिथल्या तिथे उघडी पडते, कारण २१ ऐवजी २२ छापले गेले तर त्या दिवशी सोमवार येतो.

गुजराती आकड्यांमध्ये आणखी एक अडचण आहे आणि ती मराठी माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. गुजराती लिपीत पाचाचा अंक आणि ‘प’ हे अक्षर दिसायला जवळजवळ एकच आहेत. दोनचा अंक आणि ‘र’ यांचेही तसेच. टंकलेखन करताना अनेक जण नकळत अंकाच्या जागी अक्षर दाबतात. २०२५ या वर्षात दोन वेळा दोन आहे आणि एकदा पाच, म्हणजे चारपैकी तीन चिन्हे अक्षरे असू शकतात. कागदावर फरक दिसत नाही. पण पुढे संगणकात ‘२०२५’ शोधायला गेलात, तर ती सूचना सापडत नाही, आणि थकबाकीची रक्कम अशी टाकली असेल तर तिची बेरीज होत नाही. माझे ठाम मत असे की दोन्ही प्रतींत सरळ इंग्रजी आकडे वापरावेत. ते दोन्हीकडच्या वाचकांना येतात, आणि दोन कागद शेजारी धरून आकडे ताडून पाहणे सोपे होते.

वर्षाचा उल्लेखही सुटा ठेवू नये. ‘गत वर्षाचे हिशेब’ हे मराठीत समजते. पण दिवाळीला नवी चोपडी उघडणाऱ्या घरात वर्ष कार्तिकापासून मोजण्याची सवय असते. ‘१ एप्रिल २०२४ थी ३१ मार्च २०२५’ असे लिहिले की शंका राहत नाही.

आता शब्दांकडे येऊ. मराठी सूचनेच्या डोक्यावर ‘सूचना’ असते. गुजरातीत ‘सूचना’ म्हटले की वाचकाच्या मनात आधी येते ती कसे वागावे याची ताकीद किंवा एखादा सल्ला. कायदेशीर कागदासाठी तिथे ‘नोटिस’ हाच शब्द रुळलेला आहे. संस्थेचे ‘सचिव’ गुजराती रीतीने ‘मंत्री’ होतात आणि ‘अध्यक्ष’ होतात ‘प्रमुख’. ताळेबंदाला ‘सरवैयुं’ म्हणतात. ‘उपविधी’ला गुजरातच्या सहकारात ‘पेटा कायदा’ म्हणतात. ‘निबंधक’ मात्र तसाच उचलून ठेवू नये. गुजरातीतही निबंध शाळेत लिहितात, आणि त्या खात्याच्या अधिकाऱ्याला तिथे ‘रजिस्ट्रार’च म्हणतात. ‘ना हरकत प्रमाणपत्र’ गुजरातीत ‘ना वांधा प्रमाणपत्र’ होते. मराठी कानाला हा शब्द गमतीचा वाटेल, पण तिथे तोच रूढ आहे.

मुंबईचा गुजराती वाचक मात्र अहमदाबादच्या वाचकासारखा नसतो. ‘सेक्रेटरी’, ‘मेनेजिंग कमिटी’, ‘कोरम’ हे शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यातले असतात. त्याच्यासाठी गुजरातच्या शासकीय परिभाषेतला प्रत्येक शब्द शोधून आणण्याची गरज नाही. एका कल्पनेला एकच शब्द ठेवायचा, एवढे पाळावे. पहिल्या परिच्छेदात ‘मंत्री’, सहीखाली ‘सेक्रेटरी’ आणि मध्येच ‘सचिव’ असे झाले, तर वाचकाला ही तीन वेगळी माणसे वाटू शकतात. भाषांतर सुरू करण्याआधी वीसेक शब्दांची जोडयादी करून ती दप्तरात ठेवली, तर पुढच्या वर्षी समिती बदलली तरी शब्द बदलत नाहीत.

सर्वात जास्त सांभाळायला हवेत ते शब्द ज्यांच्यावर हक्क अवलंबून असतात. मराठीत ‘सर्व सभासदांस’ असते. सभासद हा शब्द गुजराती सहकारातही चालतो आणि ‘सभ्य’ही चालतो. पण भाषांतर करणारा आपुलकीने ‘सर्वे रहीशो’ लिहितो, आणि मग भाडेकरूही मतदानाच्या अपेक्षेने सभेला येऊन बसतात. ‘नामनिर्देशित व्यक्ती’चे तसेच. गुजराती बोलण्यात त्याचा ‘वारसदार’ पटकन होऊन जातो. नामनिर्देशन म्हणजे सभासदाच्या पश्चात संस्थेने कोणाशी व्यवहार करायचा याची नोंद. मालमत्तेवर वारसाहक्क कोणाचा, हा वेगळा प्रश्न आहे. तिथे ‘नोमिनी’ लिहावे आणि तोच शब्द शेवटपर्यंत ठेवावा.

तहकुबीचे वाक्य तर शब्दशः तपासावे असेच असते. मराठीत: ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी सकाळी ११:०० वाजता घेण्यात येईल आणि तीस गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.’ गुजरातीत: ‘कोरमना अभावे सभा मुलतवी रहे तो ते ज दिवसे, ते ज स्थळे सवारे ११:०० वाग्ये फरी मळशे अने ते सभाने कोरमनुं बंधन रहेशे नहीं.’ ‘मुलतवी’ हा शब्द पुढे ढकलण्यासाठीही वापरतात, म्हणून ‘ते ज दिवसे’ गाळले, तर साडेदहाला आलेला माणूस सभा पुढच्या आठवड्यात गेली असे समजून घरी जातो. अकरा वाजता, त्याच्या गैरहजेरीत, उरलेले लोक ठराव करतात आणि ते वैध असतात.

कायद्याचे नाव आणि कलम यांना हात लावायचा नाही, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा आणि गुजरातचा १९६१ सालचा. दोन्ही राज्ये मुंबई राज्यातून निघाली आणि त्याआधी मुंबई प्रांताचा १९२५ चा सहकारी संस्था कायदा होता, त्यामुळे दोन्हींची भाषा सख्खी वाटते. गुजरातमध्ये ‘सहकारी मंडळी’ म्हणतात, म्हणून कोणी कायद्याचे नावच ‘सहकारी मंडळी अधिनियम’ केले, तर वाचणारा गुजरातचा कायदा उघडून बसतो आणि तिथले कलम भलतेच निघते. ‘महाराष्ट्र’, ‘संस्था’ आणि ‘१९६०’ हे तिन्ही शब्द गुजराती लिपीत जसेच्या तसे यावेत. गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ मध्ये आलेल्या प्रकरणातली कलमे १५४ब पासून सुरू होतात. त्यातला ‘ब’ही ‘ब’च राहू द्यावा.

त्याचे कारण उपकलमांच्या अक्षरांत आहे. मराठीत क्रम अ, ब, क, ड असा जातो. गुजराती कायद्यांच्या मजकुरात बहुधा क, ख, ग, घ असा क्रम असतो, तरी रोजच्या वापरात अ, ब, क देखील दिसतो. म्हणजे विषयपत्रिकेतला ‘५ (क)’ मराठी वाचकासाठी तिसरा उपविषय असतो आणि गुजराती वाचकासाठी पहिला असू शकतो. एकाने रंगकामाच्या खर्चाला हात वर केला आणि दुसऱ्याला तो पार्किंगच्या ठरावासाठी वाटला, असे व्हायला वेळ लागत नाही. उपविषयांना ५.१, ५.२, ५.३ असे आकडे दिले की ही अडचण दोन्ही प्रतींतून जाते.

तपासणीची एक साधी रीत आहे. दोन्ही प्रतींतले सगळे आकडे (तारखा, वेळा, कलमे, रकमा, टक्के) क्रमाने वेगळ्या कागदावर उतरवायचे आणि दोन रांगा जुळतात का ते पाहायचे. मग गुजराती जाणणाऱ्या पण मराठी प्रत न पाहिलेल्या सभासदाला गुजराती मजकूर वाचायला द्यायचा आणि त्याने तोंडी मराठीत सांगितलेले मूळ प्रतीशी ताडून घ्यायचे. ‘तहकूब’च्या जागी तो ‘रद्द’ म्हणाला, तर तिथेच थांबून वाक्य बदलावे.

सूचनेच्या तळाशी ‘बन्ने लखाणमां फेर जणाय तो मराठी लखाण मान्य गणाशे’ अशी ओळ घालणे शहाणपणाचे आहे. त्या ओळीने शब्दाच्या अर्थाचा वाद मिटतो. गुजराती प्रतीत चुकीची तारीख वाचून सभेला न आलेल्या सभासदाची तक्रार मात्र तिने मिटत नाही. तारीखच चुकली असेल तर नुसते शुद्धिपत्रक लावण्यापेक्षा नवी सूचना काढून चौदा पूर्ण दिवस पुन्हा मोजणे सुरक्षित. पण वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. वरच्या उदाहरणात चूक १५ सप्टेंबरपर्यंत सापडली, तर त्याच दिवशी नवी सूचना काढून ३० तारखेला सभा घेता येते. १७ तारखेला सापडली, तर चौदा दिवस १ ऑक्टोबरला भरतात आणि मुदत हुकते. म्हणून गुजराती प्रत फलकावर लागण्याआधीच, ६ तारखेच्या सकाळी, दोन्ही प्रती एकत्र वाचून घ्याव्यात.