स्पीकरवरची मीटिंग: फोन टेबलावर नेमका कुठे ठेवायचा?

सोसायटीच्या कमिटीची बैठक असते. सात जण टेबलाभोवती बसलेले असतात आणि एक सभासद परगावाहून फोनवर असतो. फोन स्पीकरवर टाकून अध्यक्ष आपल्यासमोर ठेवतात आणि विचारतात, ‘‘ऐकू येतंय ना?’’ पलीकडून ‘‘हो’’ येतं आणि बैठक सुरू होते. पण ते ‘हो’ फक्त अध्यक्षांच्या आवाजापुरतं असतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या खजिनदारांनी खर्चाचे आकडे वाचायला घेतले, की ‘‘काय म्हणालात? परत सांगा’’ सुरू होतं.

यात बहुतेक वेळा दोष फोनचा नसतो, अंतराचा असतो. तोंडापासून माइकपर्यंतचं अंतर दुप्पट झालं, की माइकवर थेट पोचणाऱ्या आवाजाचा दाब निम्मा होतो. पंख्याची घरघर आणि भिंतींवरून परतणारा आवाज मात्र खोलीभर जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे लांबच्या माणसाचा आवाज नुसता बारीक होत नाही, तो या गदारोळात मिसळून जातो. फोन बारीक आवाज आपोआप वाढवतो हे खरं, पण त्याबरोबर पंखाही वाढवतो.

साधारण १४ बाय १२ फुटांची, उघड्या फरशीची आणि लोखंडी कपाटांची खोली घेतली, तर बोलणाऱ्यापासून जेमतेम दीड फुटापर्यंतच त्याचा थेट आवाज भिंतींवरून आलेल्या आवाजापेक्षा जोरकस असतो. त्यापलीकडे खोलीचाच आवाज वरचढ ठरतो. टेबलाभोवती बसलेला प्रत्येक जण फोनपासून दीड फुटावर असणं शक्य नाही. म्हणून फोन कोणाच्याही फार जवळ नसला तरी चालेल, पण सर्वांत लांबचा माणूस कमीत कमी लांब राहील अशी जागा शोधायची.

आपल्या कमिटीचं टेबल ६ फूट लांब आणि ३ फूट रुंद आहे असं धरू. एका टोकाला अध्यक्ष, दोन्ही लांब बाजूंना तीन-तीन जण आणि दुसरं टोक रिकामं. फोन अध्यक्षांच्या पुढ्यात, त्यांच्याकडच्या कडेपासून एक फुटावर ठेवला, तर तोंडाची उंची धरून त्यांच्यापासून तो दोन फुटांच्या आसपास येतो. बाजूच्या रांगेतल्या शेवटच्या माणसापासून मात्र तो सव्वाचार फुटांहून लांब पडतो. अंतर दुपटीहून जास्त, म्हणजे थेट आवाज निम्म्याहून कमी.

आता तोच फोन अध्यक्षांच्या कडेपासून अडीच फुटांवर, रुंदीच्या बरोबर मध्ये ठेवू. अध्यक्षांपासून तो तीन फुटांवर गेला आणि रांगेतल्या शेवटच्या माणसापासून सव्वातीन फुटांवर आला. सर्वांत जवळचा माणूस सव्वादोन फुटांवर आहे. म्हणजे सगळे जण सव्वादोन ते सव्वातीन फुटांत आले. टेबलाचा मध्य तीन फुटांवर होता, आपण त्यापासून अर्धा फूट अध्यक्षांकडे सरकलो, कारण पलीकडच्या टोकाला कोणी नाही. फोन टेबलाच्या मध्यावर नव्हे, माणसांच्या मध्यावर ठेवायचा.

खुर्च्या हलवता आल्या तर आणखी बरं. ज्यांचा आवाज मुळातच बारीक आहे किंवा ज्यांना सर्वांत जास्त बोलायचं आहे, त्यांना लांब बाजूच्या मधल्या खुर्चीवर बसवावं. खड्या आवाजाच्या माणसाला टोकाला बसवलं तरी तो पोचतो. टेबल लहान असेल तर ते रिकाम्या कोपऱ्यात ढकलू नये. कोपऱ्यातल्या दोन्ही भिंतींवरून आवाज उलटून येतो आणि फोनला स्वतःच्याच स्पीकरचा आवाज वगळणं जड जातं. जागा निवडता येत असेल तर पडदे, गालिचा, गादी असलेली खोली घ्यावी. बैठकीसाठी रिकाम्या हॉलपेक्षा पडदे ओढलेली बेडरूम चांगली.

फोन ठेवायचाही एक प्रकार आहे. तो स्क्रीन वर करून सपाट ठेवावा. माइक टेबलाच्या पृष्ठाला चिकटून असला, की थेट आवाज आणि टेबलावरून उसळलेला आवाज जवळजवळ एकाच वेळी पोचतात आणि एकमेकांना बळ देतात. स्टँडवर वीतभर उंच ठेवला तर उसळलेला आवाज किंचित उशिरा येतो आणि बोलण्यातले काही स्वर पुसट होतात. पण टेबलाला चिकटलेल्या फोनला टेबलाचे धक्केही ऐकू येतात. पेनची टकटक, चहाचा कप ठेवल्याचा आवाज पलीकडे हातोडीसारखा वाजतो. त्यासाठी फोनखाली एक घडी घातलेला पातळ हातरुमाल पुरतो, जाड टॉवेल नको. बहुतेक फोनचा मुख्य माइक आणि स्पीकर चार्जिंगच्या भोकाशेजारी खालच्या कडेला असतात. ती कड फाइल, वही किंवा कव्हरच्या झाकणाने दबू देऊ नये. आवाज मोठा करायला फोन वाटीत किंवा पेल्यात उभा करण्याची युक्ती गाणी ऐकायला ठीक आहे. बैठकीत तिने माइकच कोंडला जातो.

स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवणंही बहुधा उलट अंगावर येतं. फोन स्वतःच्या स्पीकरमधला आवाज माइकमधून काढून टाकायचा प्रयत्न सतत करत असतो. स्पीकर जोरात असेल तर हे काम अवघड होतं आणि फोन सरळ आपल्या बाजूचा माइक दाबून टाकतो. मग पलीकडचा बोलत असताना कोणी मध्ये बोललं, तर त्याचे सुरुवातीचे शब्दच जातात. सगळ्यांना ऐकू येईल इतकाच आवाज ठेवावा आणि एका वेळी एकानेच बोलावं.

सुरुवातीला पाच मिनिटं चाचणी घ्यावी. ‘‘ऐकू येतंय का?’’ असं विचारण्यात अर्थ नाही. प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या आवाजात एकेक आकडा सांगावा, म्हणजे ‘चारशे सदुसष्ट’ असा काहीतरी, आणि पलीकडच्याने तो परत म्हणून दाखवावा. कोणाचा आकडा चुकतो ते लगेच कळतं आणि फोन किती सरकवायचा तेही.

पलीकडून येणारी तक्रारही नीट ऐकावी, तीत कारण दडलेलं असतं. सगळ्यांचेच शब्द तुटत असतील तर नेटवर्क तपासावं, खिडकीजवळ सरकून बघावं. ठरावीक दोघांचेच शब्द जात असतील तर फोनची जागा चुकली आहे. आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटत असेल तर बोलणारा लांब आहे किंवा खोली फार मोकळी आहे, ओरडून ते सुधारत नाही. पलीकडच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर स्पीकर कमी करावा आणि फोन भिंतीपासून लांब न्यावा.

याला मर्यादा आहे. टेबल दहा फुटांचं झालं आणि माणसं बारा-पंधरा झाली, की कुठेही ठेवला तरी एक फोन पुरत नाही. अशा वेळी दुसऱ्या कोणी त्याच खोलीतून आपलाही फोन स्पीकरवर जोडला, तर दोन फोन एकमेकांचा आवाज उचलतात आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. वेगवेगळ्या दिशांना माइक असलेला मीटिंगचा स्पीकरफोन मिळाला तर उत्तम. तो नसेल तर फोन रुमालासकट बोलणाऱ्याकडे सरकवत न्यावा, आणि सरकवताना कोणी बोलू नये.