स्पीकरची गुणगुण आणि तिसरी पिन

मिक्सर हॉलच्या मागच्या बाजूला, पॉवर्ड स्पीकर मंचावर आणि मध्ये पंचवीस मीटर केबल. माइक बंद असतानाही स्पीकरमधून एकसुरी ‘हूं’ ऐकू येत राहतं. अशा वेळी स्पीकरचा आवाज कमी करून त्यात येणारी केबल काढून पाहावी. गुणगुण थांबली, तर स्पीकर ठीक आहे. ती केबलमधूनच येते आहे.

अनबॅलन्स्ड केबलमध्ये एक तार आणि तिच्याभोवती जाळीची शिल्ड असते. सिग्नल तारेतून जातो आणि शिल्डमधून परततो. मिक्सर आणि स्पीकर दोन वेगळ्या सॉकेटवर असले, की त्यांच्या अर्थिंगमधल्या किंचित फरकामुळे शिल्डमधून विजेचा प्रवाह वाहतो. ५० हर्ट्‌झची ही घरघर थेट सिग्नलमध्ये मिसळते. की-बोर्डपासून मिक्सरपर्यंतच्या तीन-चार मीटरना हे सहसा चालून जातं. पंचवीस मीटरना नाही.

बॅलन्स्ड केबलमध्ये शिल्डच्या आत दोन तारा असतात. एक्सएलआरची पहिली पिन शिल्डची, दुसरी सिग्नलची, तिसरी त्याच सिग्नलच्या उलट्या रूपाची. वाटेत शिरलेली घरघर दोन्ही तारांवर जवळपास सारखीच बसते. स्पीकर त्या दोन तारांमधला फरक तेवढा घेतो. त्यामुळे घरघर वजा होते आणि सिग्नल उरतो. अर्थात, त्यासाठी दोन्ही टोकांची उपकरणं बॅलन्स्ड हवीत. शिवाय पिन तीनचं सोल्डर सुटलं, तरी आवाज येत राहतो, फक्त कमी होतो आणि घरघर परतते. बाहेरून केबल धडधाकट दिसते, म्हणून मल्टिमीटर लावून तिन्ही पिना तपासायलाच हव्यात.

सगळ्यात चकवणारी चूक होते ती मोबाइल जोडताना. त्याचा स्टिरिओ जॅक बॅलन्स्ड जॅकसारखाच तीन भागांचा दिसतो, पण त्यात डावा आणि उजवा असे दोन वेगळे सिग्नल असतात. तो बॅलन्स्ड इनपुटमध्ये खुपसला, की इनपुट त्या दोघांमधला फरक घेतो. गायकाचा आवाज बहुधा दोन्हीकडे सारखाच असतो; तो जवळजवळ नाहीसा होतो आणि वाद्यंच वाजत राहतात. इथे एका स्टिरिओ जॅकचे दोन मोनो जॅक करणारी केबल घ्यावी आणि डावा-उजवा मिक्सरच्या दोन चॅनेलना द्यावा.

हा सगळा हिशेब मिक्सरपासून पॉवर्ड स्पीकरपर्यंतचा किंवा अॅम्प्लिफायरच्या इनपुटपर्यंतचा. अॅम्प्लिफायरपासून साध्या स्पीकरपर्यंत जाड, दोन तारांची स्पीकर केबलच लागते. तिथे बारीक सिग्नल केबल तापते.

गुणगुण घालवायला काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. ते कधीही करू नये: उपकरणात बिघाड झाला, तर माइक धरलेल्या गायकाला शॉक बसू शकतो. मिक्सर आणि स्पीकरला एकाच ठिकाणाहून वीज द्यावी. तरीही घरघर राहिली, तर सिग्नलच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा.