चिन्हं पुसली की हिशेब बुडतो

विज्ञान शाखेच्या पदवी परीक्षेत गणिताच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना एक चूक पुन्हा पुन्हा भेटते. प्रश्न साधा असतो. sin x / x या फलनाचं शून्यापासून अनंतापर्यंत संकलन केलं, तर उत्तर सांत येतं का? विद्यार्थी लिहितो: साइनची किंमत १ च्या वर जात नाही, म्हणून sin x / x हे 1/x पेक्षा मोठं होत नाही. 1/x च्या आलेखाखालचं क्षेत्रफळ अनंत असतं. म्हणून इथलंही क्षेत्रफळ अनंत.

पहिली दोन वाक्यं बरोबर आहेत, तिसरं चूक. ज्या भांड्याला तळच नाही त्याच्यापेक्षा आपल्या भांड्यात कमी मावतं, एवढंच विद्यार्थ्याने सिद्ध केलं. त्यावरून आपल्या भांड्याचं माप कळत नाही. 1/x² हेसुद्धा १ च्या पुढे 1/x पेक्षा लहानच असतं आणि १ पासून अनंतापर्यंत त्याचं क्षेत्रफळ नेमकं १ भरतं. तुलना कसोटी उपयोगी पडते ती दोनच प्रकारांनी: सांत क्षेत्रफळाच्या खाली राहिलात तर तुम्हीही सांत, आणि अनंताच्या वर गेलात तर तुम्हीही अनंत. ‘अनंतापेक्षा लहान’ या निष्कर्षावर ती गप्प बसते.

मग sin x / x चं काय होतं? आलेख डोळ्यांपुढे आणला तर निम्मं काम होतं. शून्यापाशी अडचण नाही, कारण तिथे ही किंमत १ कडे जाते. तिथून रेषा उतरत उतरत x = π पाशी, म्हणजे ३.१४ च्या आसपास, अक्षाला टेकते. मग ती अक्षाखाली जाते, 2π पाशी परत वर येते, आणि हे असंच चालू राहतं. अक्षाच्या वर एक कमान, खाली एक कमान, आणि प्रत्येक कमान आधीच्यापेक्षा ठेंगणी.

वरच्या कमानींचं क्षेत्रफळ जमेला धरायचं, खालच्यांचं नावे टाकायचं. पहिली कमान १.८५१९ जमा. दुसरी ०.४३३८ नावे. तिसरी ०.२५६६ जमा, चौथी ०.१८२६ नावे, पाचवी ०.१४१८ जमा, सहावी ०.११५९ नावे. प्रत्येक कमानीनंतरची शिल्लक मांडली तर ती अशी दिसते: १.८५१९, १.४१८२, १.६७४८, १.४९२२, १.६३४०, १.५१८०. शिल्लक एकदा वर जाते, एकदा खाली येते, पण प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा आखूड असतो. चिन्हं आळीपाळीने बदलत असतील आणि पदं घटत घटत शून्याकडे जात असतील, तर अशी बेरीज एका ठिकाणी स्थिरावते, हे लायब्निझच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कसोटीतून कळतं. एखाद्या कमानीच्या मध्येच थांबलं तरी बिघडत नाही, कारण पुढे पुढे आख्खी कमानच नगण्य होते.

ती स्थिरावते १.५७०८ वर, म्हणजे π/2 वर. हे उत्तर काढण्याच्या इतक्या वाटा आहेत, की इंग्लंडमधले गणिती जी. एच. हार्डी यांनी १९०९ साली ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’मध्ये त्यांतल्या काही सिद्धतांना चक्क गुण देऊन क्रम लावला. गुण अवघडपणाचे होते, म्हणजे जितके कमी तितकी सिद्धता सोपी.

आता याच आलेखावर एक छोटासा फेरफार करून पाहू. खालच्या सगळ्या कमानी उचलून अक्षाच्या वर ठेवायच्या. नावे काहीच उरलं नाही, सगळं जमेलाच. गणिताच्या भाषेत, sin x ऐवजी त्याचं निरपेक्ष मूल्य |sin x| घेतलं. पहिल्या सहा कमानींची बेरीज आता १.५१८० ऐवजी २.९८२७ होते. प्रश्न असा, की हीसुद्धा कुठेतरी थांबेल का?

इथे भागाकार जरा नीट पाहावा लागतो. नुसत्या |sin x| च्या प्रत्येक कमानीचं क्षेत्रफळ बरोबर २ असतं. दहावी कमान 9π ते 10π या टप्प्यात येते. त्या टप्प्यात x ची किंमत 10π च्या पुढे जात नाही, म्हणजे आपण फार तर 10π ने भागतो. म्हणून दहाव्या कमानीचं क्षेत्रफळ 2/(10π) पेक्षा कमी होऊच शकत नाही. शंभराव्या कमानीचं 2/(100π) पेक्षा कमी नाही. सगळ्या कमानींमधून 2/π हा समान गुणक बाहेर काढला, की आत उरते १ + १/२ + १/३ + १/४ + … ही हरात्मक श्रेणी.

ही श्रेणी थांबत नाही. चौदाव्या शतकात फ्रान्समधले निकोल ओरेम यांनी दाखवलेली युक्ती आजही वर्गात शिकवली जाते. १/३ आणि १/४ मिळून १/२ पेक्षा जास्त होतात. १/५ ते १/८ ही चार पदं मिळूनही १/२ पेक्षा जास्त. पुढची आठ पदं मिळून परत तेवढीच. अर्ध्याची भर अशी अनंत वेळा पडत राहते. म्हणून कमानी वर उचलल्यावर क्षेत्रफळ खरोखरच अनंत होतं. या वेळी तुलना कसोटी बोलते, कारण आपण अनंताच्या वर आहोत, खाली नाही.

ही वाढ मात्र फार संथ असते आणि संगणकावर आकडे काढणारा इथे सहज फसतो. कमानींची संख्या दसपट केली की बेरजेत जेमतेम १.४७ ची भर पडते. दहा लाख कमानींनंतरही एकूण साधारण १०.६ च भरते. पडद्यावर आकडा हलताना दिसत नाही, तेव्हा तो स्थिरावला असं वाटतं. ओळखण्याची खूण अशी: हजारानंतर, दहा हजारांनंतर, लाखानंतर बेरीज नोंदवून त्यांतला फरक पाहावा. फरक दर वेळी घटत गेला तर आशा आहे. दर वेळी तोच १.४७ आला, तर बेरीज सावकाश का होईना, अनंताकडे निघाली आहे.

चिन्हांसह सांत, चिन्हं पुसली की अनंत. अशा संकलनाला सशर्त अभिसारी म्हणतात. शर्त एवढीच, की जमा आणि नावे यांची काटछाट वेळच्या वेळी होत राहिली पाहिजे. निरपेक्ष तुलनेची अडचण इथेच आहे. ती फक्त आकार मोजते, आणि आकार मोजण्यासाठी आधी चिन्ह पुसते. sin x / x हे ज्या काटछाटीवर तगलेलं आहे, तीच तिला दिसत नाही. त्यामुळे 1/x ऐवजी दुसरं कुठलंही फलन तुलनेला घेतलं तरी उपयोग नाही. |sin x| / x च्या वर राहील आणि तरीही सांत असेल असं फलन सापडणंच शक्य नाही, कारण |sin x| / x स्वतःच अनंत आहे.

मग सिद्धता कशी द्यायची? काटछाट आधी उरकून घ्यायची आणि मग तुलना करायची. त्यासाठी खंडशः संकलन कामी येतं. १ पासून अनंतापर्यंत sin x / x चं संकलन तसं केलं, की ते cos 1 वजा cos x / x² चं संकलन, असं रूप घेतं. भाजकात x च्या जागी x² आला. आता चिन्हं पुसली तरी चालतं: |cos x| / x² हे 1/x² पेक्षा मोठं नाही आणि 1/x² चं क्षेत्रफळ १ आहे. मघाशी गप्प बसलेली कसोटी इथे निर्वाळा देते. हीच रीत A या बिंदूपासून पुढे लावली तर उरलेलं शेपूट 2/A पेक्षा मोठं नसतं. म्हणजे x = १००० ला थांबलं तर चूक फार तर ०.००२.

यामागचं कारण जर्मन गणिती डिरिश्ले यांच्या नावाच्या कसोटीत येतं. शून्यापासून निघून कुठेही थांबा, नुसत्या साइनचं चिन्हासह क्षेत्रफळ ० आणि २ यांच्या मध्येच राहतं. 1/x हा दुसरा गुणक न डगमगता शून्याकडे उतरतो. एक बेरीज हाताबाहेर जात नाही, दुसरी किंमत एकाच दिशेने घटते, एवढं असलं की गुणाकाराचं संकलन अभिसारी ठरतं.

‘न डगमगता’ हे शब्द वगळून चालत नाहीत. sin x / √x हे फलन घ्या. याच कसोटीने त्याचं १ पासून अनंतापर्यंतचं संकलन सांत आहे. त्यात sin²x / x ही छोटीशी भर घाला. नव्या आणि जुन्या फलनाचं गुणोत्तर 1 + sin x / √x येतं आणि ते १ कडे जातं. दूरवर पाहिलं तर दोघं जुळी भावंडं वाटतात. पण sin²x ला ऋण बाजूच नाही, त्याची सरासरी १/२ आहे, म्हणून ती भर एकटीच अनंत होते आणि सगळं संकलन बुडवते. धन फलनांच्या बाबतीत ‘गुणोत्तर १ कडे जातं, म्हणून दोघांचं भवितव्य एक’ असं म्हणता येतं. चिन्ह बदलणाऱ्या फलनांच्या बाबतीत तसं म्हणणं म्हणजे उत्तरपत्रिकेतल्या त्या चुकीचाच दुसरा अवतार.

या सांतपणाला क्रमाचंही बंधन आहे. कमानी त्याच, एकही न गाळता, पण वेगळ्या ओळीने मोजल्या तर? दोन जमेच्या, मग एक नावेची, परत दोन जमेच्या, मग एक नावेची. कोणतीही कमान सुटत नाही, कारण अनंतात सगळ्यांचा नंबर कधी ना कधी लागतोच. तरी बेरीज १.५७०८ वर न थांबता १.७९१४ च्या आसपास थांबते. जमेच्या कमानी नेहमी दुपटीने पुढे असतात आणि त्या आघाडीची किंमत २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम भागिले π, म्हणजे सुमारे ०.२२०६ भरते. हवा तो आकडा आधी ठरवून त्यावर बेरीज आणणारा क्रमही लावता येतो, हे रीमान यांनी सशर्त अभिसारी श्रेणींबद्दल दाखवलं होतं. निरपेक्ष अभिसारी बेरजेत असा खेळ चालत नाही.

लेबेग यांच्या संकलनाच्या व्याख्येत क्रमाला स्थानच नाही. ती जमेची बाजू वेगळी मोजते, नावेची वेगळी, आणि मग वजाबाकी करते. इथे दोन्ही बाजू अनंत आहेत, त्यामुळे त्या अर्थाने शून्यापासून अनंतापर्यंत sin x / x चं संकलन होतच नाही. π/2 हे उत्तर मिळतं ते शून्यापासून R पर्यंत ओळीने जाऊन, मग R ला अनंताकडे नेल्यावर. त्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण हवे असतील, तर त्याने शेवटचं वाक्य खोडून तिथे खंडशः संकलनाची एक ओळ आणि 1/x² शी तुलना लिहावी. पहिली दोन वाक्यं तशीच ठेवली तरी तपासणाऱ्याची हरकत नसावी.